अनुभव धागा: ‘इतके दिवस ॲडमिट कशाला?’ आणि डॉक्टरांचं पत्र

गंगापूर रोड: सासऱ्यांना मधुमेह. पायाची जखम चिघळली म्हणून बारा दिवस ॲडमिट होते. विमा कंपनीने पाचच दिवस मान्य केले. शेरा असा: ‘नंतर ताप नव्हता, गोळ्यांवर घरी सोडता आलं असतं.’ डॉक्टरांनी पत्र दिलं, ‘प्रकृती पाहता मुक्काम आवश्यक होता.’ तेही परत आलं. तुमच्या डॉक्टरांनी काय लिहिलं होतं? अनुभव सांगा.

सिडकोकर: चोवीस तासांच्या वर ॲडमिट असलं की क्लेम बसतोच. डॉक्टरांनी लिहून दिल्यावर कंपनी नाही म्हणूच शकत नाही.

देवळालीची सुनीता: काका, चोवीस तासांची अट खरी, पण गरज किती दिवसांची होती हेही बघतात. पॉलिसीतल्या ‘वैद्यकीय गरज’ या व्याख्येतच कालावधी आलाय. मी हॉस्पिटलमध्ये क्लेमची कागदपत्रं बघणाऱ्या टीपीए डेस्कवर होते, अशी एका ओळीची पत्रं हमखास परत यायची. कंपनीने ताप धरलाय ना, मग उत्तरही तापालाच हवं. ताई, पसाचा कल्चर रिपोर्ट काय म्हणतो?

गंगापूर रोड: क्लेबसिएला नावाचा जंतू. एकही गोळी लागू नव्हती, मेरोपेनेम हे अँटिबायोटिकच चालणार होतं, शिरेतून. सातव्या दिवशी ओटीत नेऊन मेलेलं मांस परत काढलं. किडनीच्या तपासणीत क्रिएटिनिन 1.1 वरून 1.9 वर गेलं, म्हणून डोस बदलला.

सुनीता: एवढं हातात असून पत्रात काहीच नाही! असं लिहून घ्या: ‘ताप उतरला तरी जंतुसंसर्ग गेला नव्हता. कल्चरनुसार तोंडाने देण्याजोगं औषध उपलब्ध नव्हतं. सातव्या दिवशी पुन्हा शस्त्रक्रिया केली. किडनीवर ताण आल्याने डोस ठरवण्यासाठी रक्त तपासत राहणं भाग होतं.’ प्रत्येक वाक्याला तारीख आणि रिपोर्ट जोडा. आणि आधी इनडोअर केसपेपर काढून वाचा. नर्सिंग चार्टवर ‘पेशंट कम्फर्टेबल, तक्रार नाही’ असं रोज लिहिलेलं असेल, तर कंपनी तेच दाखवते.

पंचवटी: आमचेही पैसे कापले! महागडी रूम घेतली म्हणून सर्जनच्या फीलासुद्धा कात्री. पत्र देऊन काही झालं नाही.

सुनीता: ते रूम रेंटच्या मर्यादेमुळे, दादा. तिथे पत्राचा उपयोग नाही.

सर्जन, नाशिक रोड: खरं सांगू? ही पत्रं बऱ्याचदा आरएमओ, म्हणजे हॉस्पिटलचा निवासी डॉक्टर, राउंडच्या घाईत लिहितो. दहाव्या दिवसापर्यंतचा मुक्काम मी ठामपणे मांडला असता. शेवटचे दोन दिवस मात्र क्रिएटिनिन स्थिर झालं असेल, तर इंजेक्शन घरी नर्स बोलावून देता आलं असतं, असं कंपनी म्हणेल. तिथे ताणून लिहू नये, बाकीच्या पत्रावरचा विश्वासही जातो.

गंगापूर रोड: घरी सासूबाई एकट्या. नर्स रात्री कुठून आणायची?

सर्जन: अडचण खरी आहे, पण कंपनी ती घरगुती मानेल, वैद्यकीय नाही. माझ्या मते लिहावं. मान्य होईलच असं नाही.

सुनीता: आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे द्या. तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाता येतं. पत्रावर डॉक्टरांचा रजिस्ट्रेशन नंबर आहे का, तेवढं बघा.

गंगापूर रोड: नाहीये. उद्या जाऊन आणते.