परीक्षेला कुठलं घड्याळ नेलंत? (अनुभव धागा)

मोगरा_परळ
काल सकाळी लोकलमध्ये बरोबर आठला कुणाच्या तरी मनगटावर टिं-टिं झालं आणि मी थेट बारावीच्या केमिस्ट्रीच्या पेपरात जाऊन पोचले. आमच्या वर्गात मागच्या बाकावरच्या मुलाचं घड्याळ दर तासाला वाजायचं. तीन तासांचा पेपर, म्हणजे तीन वेळा. बाई दर वेळी उठून यायच्या आणि तोपर्यंत ते गप्प झालेलं असायचं. त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही कुणाचं ते.
आता भाच्याची बारावी आहे. त्याच्याकडे स्मार्टवॉच सोडून दुसरं घड्याळच नाही, आणि ते केंद्रावर गेटवरच काढून घेतात. साधं, आवाज न करणारं घ्यायचंय. तुम्ही काय नेलंत, मुलांना काय दिलंत, सांगा.

खिडकीवाला
डिजिटल अजिबात नको. काट्याचं घ्या, काट्यांना आवाज नसतो.

सावंत_घड्याळप्रेमी
@खिडकीवाला अर्धं बरोबर. बीप नसतो, पण टिकटिक असते. बॅटरीच्या घड्याळात छोटी मोटर दर सेकंदाला काट्याला एक धक्का देते, तोच तो आवाज. हातावर असताना तो सहसा ऐकूच येत नाही. गंमत होते ती घड्याळ काढून बाकावर ठेवलं की. बाक लाकडी, खाली पोकळ खण, तबल्यासारखा घुमतो. तुम्हाला सवय होते, शेजारच्याला ऐकू जातं.
म्हणून दुकानात घड्याळ कानाला लावून काही कळत नाही. कानाला लावलं की सगळीच वाजतात. रात्री पंखा बंद करून रिकामा स्टीलचा डबा पालथा घाला, त्यावर घड्याळ ठेवा आणि हातभर लांब बसा. तिथून टिकटिक मोजता आली तर ते परीक्षेचं घड्याळ नाही.
पुतणीसाठी दादरला गेलो होतो तेव्हा दोन आणली, एक परत करायच्या बोलीवर. एक मोठ्या गोल डायलचं, प्लास्टिकची केस, मागचं झाकण नुसतं दाबून बसवलेलं. दुसरं लहान, कॅसिओचं एमक्यू-२४, तेही प्लास्टिकचंच. डब्यावर मोठं स्पष्ट मोजता येत होतं, लहान कान देऊन बसलं तरच. दोन्ही प्लास्टिक, मग फरक कशाचा? मोठ्याच्या केसमध्ये मशीनभोवती पोकळी जास्त होती, असा माझा अंदाज. लहान ठेवलं, आणि तिला सांगितलं की काढायचंच असेल तर रुमालाची घडी घालून त्यावर ठेव.

ठाणेकर_आजोबा
आमच्या काळी एचएमटी जनता. सकाळी चावी दिली की दिवसभर चिंता नाही. बॅटरी नाही, बीप नाही. वडिलांनी मॅट्रिकला दिलेलं अजून चालतं. २०१६ मध्ये कारखाने बंद केले, वाईट वाटलं.

सावंत_घड्याळप्रेमी
@ठाणेकर_आजोबा काका, जनता माझ्याकडेही आहे, जीव आहे त्यात. पण शांत नाही हो. सेकंदाला पाच टिक होतात तिच्यात. आवाज बारीक आणि अखंड असल्यामुळे कानाला टोचत नाही एवढंच. आणि पेपरच्या टेन्शनमध्ये मूल चावी द्यायला विसरलं की संपलं.

ठाणेकर_आजोबा
आमची मुलं विसरत नसत.

पिंकी_कांदिवली
आमच्याकडे सासूबाईंना झोप लागत नाही टिकटिकीने. स्वीपवालं आणलं, काटा सरकत जातो, आवाज शून्य. घ्या तेच.

मोगरा_परळ
@पिंकी_कांदिवली ताई, ते भिंतीवरचं ना? भाचा भिंत कुठे घेऊन जाणार 😄

पिंकी_कांदिवली
अगं हो, कुकर बघत वाचलं 🙈 मनगटातलं होय!

अभ्यासू_चाळकरी
नीटची परीक्षा देणाऱ्यांनी हा धागाच वाचू नये. तिथे काट्याचंसुद्धा चालत नाही, वर्गातल्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं. जेईईला स्क्रीनवरच उरलेला वेळ दिसतो. घड्याळाचा प्रश्न पेन-कागदाच्या परीक्षांचा. यूपीएससीला साधं मनगटी चालतं, स्मार्टवॉच नाही. बोर्डाला काय ते हॉलतिकिटाच्या मागच्या सूचनांमध्ये वाचा. केंद्रावरचे सर मात्र स्वतःचे नियम करतात. मला एकदा स्टॉपवॉचची बटणं असलेलं काट्याचं घड्याळ काढायला लावलं, म्हणे ही बटणं कशाला? त्यांना समजावण्यात पेपरची पाच मिनिटं घालवणार का? काढून दिलं.

सावंत_घड्याळप्रेमी
हे महत्त्वाचं. बाजूला फक्त एक चावी असलेलंच घ्या. आणि डायलवर १ ते १२ आकडे हवेत, मिनिटांच्या साठही रेघा हव्यात. आकडे नसलेली शोभेची डायल लग्नाला ठीक. 'अजून १३ मिनिटं' हे एका नजरेत दिसलं पाहिजे.

रेवा_गिरगाव
मी कॅसिओचं डिजिटल एफ-९१डब्ल्यू घालून अख्खं ग्रॅज्युएशन केलं 😎 तासाचा बीप बंद होतो. डावीकडचं खालचं बटण एकदा दाबून अलार्मवर जायचं, मग उजवीकडचं बटण टपटप दाबत राहायचं. वरच्या खुणा बदलतात, दोन्ही गेल्या की गजर आणि तासाचा बीप दोन्ही बंद. उजवं धरून ठेवू नका, CASIo असं येतं.

मोगरा_परळ
@रेवा_गिरगाव मग डिजिटलही चालेल म्हणजे?

रेवा_गिरगाव
चालेल, पण मोडचं बटण दाबलं की ते पिक् करतंच, तो आवाज सेटिंगमधून जात नाही. हॉलमध्ये बटणांना हात लावायचा नाही. आणि काही केंद्रांवर 'डिजिटल' शब्द ऐकूनच नाही म्हणतात. मला कुणी अडवलं नाही, पण भाच्याच्या जागी मी काट्याचंच देईन.

खिडकीवाला
बघा, मी पहिल्यालाच सांगितलेलं.

आईची_घाई
बॅटरी बदलून घ्या आधी!! शेजारच्या मुलाचं घड्याळ पेपरात मधेच थांबलं. त्याला वाटलं अजून वेळ आहे.

सावंत_घड्याळप्रेमी
बरोबर. काही घड्याळांत बॅटरी संपत आली की सेकंदकाटा दोन-दोन किंवा चार-चार सेकंदांच्या उड्या मारतो. वेळ बरोबरच असते, पण ती सूचना असते. स्वस्त घड्याळं असं काही सांगत नाहीत, थेट थांबतात. पेपराआधी महिनाभर तरी बॅटरी बदला आणि तेच घड्याळ घालून घरी सराव पेपर सोडवायला लावा. चुकीची बसवलेली बॅटरी किंवा सैल राहिलेलं झाकण तेवढ्यात कळतं. परीक्षेच्या आदल्या दिवशी बदलू नका.

अभ्यासू_चाळकरी
काही मुलं पेपर सुरू होताना काटे बाराला लावतात, म्हणजे किती वेळ गेला ते थेट दिसतं. माझ्या मित्राचं चांगलं चाललं होतं. मला नाही पटत, बाई म्हणाल्या 'दीड वाजलाय' की डोकं गरगरतं.

रेवा_गिरगाव
मला तर पटतं. खरी वेळ भिंतीवर असतेच ना.

अभ्यासू_चाळकरी
असते तेव्हा असते. आमच्या वर्गातलं बंद पडलेलं होतं.

जुई_बोरिवली
माझी लेक डावखुरी आहे. डाव्या हातात घातलं तर लिहिताना घासतं, उजव्यात घातलं तर चावी कोपराकडे जाते आणि वेळ लावताना कसरत. डावखुऱ्यांची वेगळी घड्याळं मिळतात का मुंबईत?

सावंत_घड्याळप्रेमी
@जुई_बोरिवली उजव्यातच घालू दे. वेळ घरून लावून न्यायची, तिथे चावीला हात लावायचा प्रश्नच नाही. मनगटात चावी टोचण्याचा त्रास उलट कमी होतो. वेगळी घड्याळं असतात, पण नेहमीच्या दुकानात मी पाहिली नाहीत.

मोगरा_परळ
रविवारी भाच्याला घेऊन दादरला जाते. रात्रीच्या चाचणीसाठी परत करायची बोली दुकानदार मानेल का?

पिंकी_कांदिवली
बिल जपून ठेव आणि काचेवरचं प्लास्टिक काढू नकोस. परत येताना दादरहून मला अर्धा किलो चकली आण 😋