सात पंचवीस मागितले, दहा-दहा मिळाले

मूळ पोस्ट

> चित्र काढणाऱ्या मॉडेलला सांगितलं, भिंतीवरचं घड्याळ काढ, वेळ सात पंचवीस. आलं दहा-दहा. दटावून सांगितलं, परत दहा-दहा. तारेवर अकरा पक्षी मागितले तर तेरा बसवले. शेंबड्या पोराला जमतं ते याला जमत नाही? माझं स्पष्ट मत आहे की हे मुद्दाम बिघडवून ठेवलंय, म्हणजे आपण पैसे भरून वरची आवृत्ती घ्यावी.

काटेकोर

"मुद्दाम" वाचलं आणि राहवेना. बिघडवायला आधी काहीतरी बसवलेलं असावं लागतं. या मॉडेलांत मोजणारा भागच नाही.

चित्राची सुरुवात नुसत्या मुंग्यांनी होते, जुन्या टीव्हीचा सिग्नल गेला की दिसायच्या तशा. त्या पायरीपायरीने साफ होत जातात, आणि प्रत्येक पायरीला सगळं चित्र एकदमच साफ होतं. माणूस एक पक्षी काढतो, मग दुसरा, आणि अकरावा झाला की हात आवरतो. इथे पहिला-दुसरा असं काही नसतंच. तारेच्या प्रत्येक तुकड्यावर एकाच वेळी "इथे पक्षी होतोय का" एवढंच चाललेलं असतं. किती डागांचे पक्षी होणार हे पहिल्या काही पायऱ्यांतच बरंचसं ठरून जातं, आणि ते त्या मुंग्या मुळात कशा पसरल्या होत्या त्यावर असतं. नंतरच्या पायऱ्या पिसं आणि चोची काढतात, पक्षी कमी-जास्त करत नाहीत. सीड, म्हणजे सुरुवातीच्या मुंग्या कशा पसरणार ते ठरवणारा आकडा, तोच ठेवून "अकरा"चं "बारा" करून बघा, पुष्कळदा जवळपास तेच चित्र परत येईल.

मग अकरा हा शब्द त्याला समजतच नाही का? समजतो, पण अर्धवट. हे सगळं शिकलंय वेबवरच्या चित्रांवरून आणि त्यांखालच्या ओळींवरून. तारेवरच्या पक्ष्यांच्या फोटोखाली लोक "संध्याकाळचे पाहुणे" लिहितात, मोजून "अकरा पक्षी" कोण लिहितो? दोन मांजरी, तीन बहिणी, चार मित्र, इथवर आकडा लिहिला जातो, म्हणून इथवर मॉडेलचंही बरं चालतं. पुढे सगळा थवा नाहीतर गर्दी.

घड्याळाची गत त्याहून वाईट. जाहिरातीत काटे दहा-दहाच्या आसपास लावायची जुनी रीत आहे. दोन्ही काटे वर पसरतात आणि बाराखालचं कंपनीचं नाव मोकळं राहतं. वेबवर अशाच फोटोंचा भरणा. आणि त्यांच्याखाली वेळ लिहिलेली नसते, घड्याळाचं नाव आणि पट्ट्याचा रंग लिहिलेला असतो. त्यामुळे मॉडेलच्या लेखी दहा-दहा ही वेळ नाहीच. घड्याळ असंच दिसतं, एवढंच ते शिकलंय.

प्रॉम्प्टपंडित

एवढं पुराण कशाला? लोकांना प्रॉम्प्ट लिहिता येत नाही, हे खरं दुखणं. "नको" वाल्या रकान्यात "दहा-दहा" टाका आणि वर "तासकाटा सातवर, मिनिटकाटा पाचवर" असं फोडून लिहा. मला पाच चेंडू दर वेळी पाचच मिळतात. नाचता येईना अंगण वाकडं!

काटेकोर

फोडून लिहिल्याने थोडा फरक पडतो, मान्य. पण "नको" वाला रकाना चालतो शब्दांवर. ज्या फोटोंखाली "दहा-दहा" कधी लिहिलंच नाही त्यांना तुम्ही त्या शब्दांनी कसं हाकलणार? आणि पाच चेंडूंचं म्हणाल तर अकरा करून दाखवा, सीड बदलत बदलत. बरोबर आलेलं एक चित्र इथे चिकटवू नका, चुकलेली सगळी चिकटवा.

प्रॉम्प्टपंडित

आव्हानं देण्यापेक्षा लोकांना उपाय सांगितलात तर बरं होईल. स्वतःला आलं नाही की "मॉडेलमध्ये मोजणारा भागच नाही" म्हणायचं, सोपं आहे.

चष्मा_कुठे_गेला

तुमचं दोघांचं चालू द्या. माझ्या चित्रात तर चारच्या जागी रोमन आकडा म्हणून नुसत्या चार उभ्या रेघा आल्या! म्हणजे वेळ सोडाच, याला आकडेही लिहिता येत नाहीत.

काटेकोर

तेवढं एक त्याचं बरोबर आहे. रोमन आकड्यांच्या तबकड्यांवर चारासाठी चार रेघा काढायची पद्धत फार जुनी आहे, कुठलंही जुनं भिंतीवरचं घड्याळ बघा.

चष्मा_कुठे_गेला

लंडनच्या बिग बेनवर तसं नाही. तिथे पाचच्या डावीकडे एक रेघ आहे, नीट.

काटेकोर

हो, बिग बेन अपवाद आहे. आनंद?

दोघांची_आई

इथे घड्याळं आणि पक्षी चाललेत, मी काय भोगलं ते ऐका. धाकट्याच्या शाळेतून मोजणीचा कागद आला. तळ्यातली बदकं, खाली प्रश्न, "किती बदकं आहेत?" पोराने आठ लिहिलं. लाल फुली, कारण उत्तरपत्रिकेत सात! मी स्वतः मोजली. सात पुढे पोहताहेत आणि आठव्याची मान गवतामागून दिसतेय. चित्र यंत्राने काढलेलं होतं, हे एका बदकाचे पाय पाण्यावर आलेले बघूनच कळत होतं. कोणीतरी "सात बदकं" मागितली, आलेलं चित्र न मोजता छापलं आणि माझं पोर चुकीचं ठरलं. मॉडेल कसं शिकतं याच्याशी मला देणंघेणं नाही. कागद तपासणाऱ्या बाई किती शिकल्या आहेत, हे मला विचारायचंय.

खडूधूळ

ताई, मी त्याच धंद्यातली. एका वर्गाचे कागद तपासायला जो वेळ मिळतो त्यात प्रत्येक कागदावरची बदकं मोजत बसले तर शिकवायचं कधी? चित्र देणाऱ्याने मोजून द्यायला हवं. आणि खरं सांगू, गवतामागची मान म्हणजे बदक धरायचं की नाही यावर दोन शिक्षकांचं एकमत होणार नाही.

दोघांची_आई

मान आहे म्हणजे मागे बदक आहे! नुसती मान पोहत येते का? पोराला तेवढं कळलं, तुम्हाला कळत नाही?

खडूधूळ

आवाज चढवू नका. फुली मी मारलेली नाही. प्रश्न "पूर्ण दिसणारी बदकं" असा असता तर सात बरोबर ठरलं असतं.

दोघांची_आई

पण तसा नव्हता ना! यंत्राने चूक केली, छापणाऱ्याने केली, तपासणाऱ्याने केली, आणि मार्क कापले पाच वर्षांच्या पोराचे.

काटेकोर

यात पडायचं नव्हतं, पण त्या मानेचा मूळ प्रश्नाशी संबंध आहे. मोजायचं तर एक बदक कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं हे धरून ठेवावं लागतं. चित्र साफ होताना "हे तिसरं, हे चौथं" अशी ओळख कुठेच जपलेली नसते. बदक हा शब्द बदकांच्या सगळ्या जागांना सारखाच लागू होतो. म्हणून गवतामागे मोकळी जागा दिसली की तिथे एक मान उगवते, कारण तळ्याच्या चित्रात तिथे मान शोभते. नेमकी हीच जादा बदकं नजरेतून निसटतात. काठाला कापलेली, पाण्यात प्रतिबिंब पडलेली आणि एकमेकांना चिकटलेली, या तीन जागा आधी बघा. मोजताना प्रत्येकावर ठिपका द्या, नुसत्या नजरेने दहाच्या पुढे आपणही घसरतो.

कधीच_नाही

म्हणजे ही सांख्यिकी पोपटपंची आहे आणि ती कधीच मोजू शकणार नाही. विषय संपला.

काटेकोर

"कधीच" कशावरून? २०२३मध्ये गूगलच्या काही संशोधकांनी शब्द आणि चित्र जुळवणाऱ्या मॉडेलला दहापर्यंत मोजायला शिकवून दाखवलं. ज्या फोटोंखालचा आकडा खरोखर जुळतो असे फोटो वेचून काढले, आणि त्याच ओळीत मुद्दाम चुकीचा आकडा घालून "ही ओळ चूक" असं शिकवलं. फरक पडला. म्हणजे अडचण बरीचशी शिकवणीत आहे. पण दहाच्या पुढचे मोजून लिहिलेले फोटो आणायचे कुठून, हे कोडं उरतंच.

प्रॉम्प्टपंडित

हे आधी लिहिलं असतंत तर एवढं भांडण झालं नसतं. म्हणजे मोजता येतं. मी म्हणतच होतो.

काटेकोर

तुम्ही प्रॉम्प्ट म्हणत होतात. असो, तुम्ही जिंकलात.

उपाय मागितला होता, तर घ्या. सात पंचवीसचं घड्याळ हवं असेल तर मॉडेलकडून बिनकाट्यांची तबकडी काढून घ्या आणि काटे स्वतः बसवा. बारापासून उजवीकडे किती अंशांवर, ते असं:

```
def kon(t, m):
    return 30*(t % 12) + m/2, 6*m

kon(7, 25)   # (222.5, 150)
```

मिनिटकाटा १५० अंशांवर, म्हणजे बरोबर पाचवर. तासकाटा २२२.५ वर. सात असतो २१० वर आणि आठ २४० वर, म्हणजे काटा दोघांच्या मधे, निम्म्याच्या जरा अलीकडे. इथेच मॉडेल सापडतं. कधी नशिबाने मिनिटकाटा पाचवर आलाच, तरी तासकाटा नेमका सातवर टेकलेला असतो नाहीतर दोन्ही काटे एकाच लांबीचे. दोन काट्यांनी एकमेकांशी जुळायला हवं हे त्याला कोणी सांगितलेलंच नाही. कधी तर ते तबकडीवरच 7:25 असं छापून मोकळं होतं.

पक्ष्यांसाठी आधी अकरा जागा आखून द्या. नुसत्या बाह्यरेषा काढल्या तरी चालतात, कंट्रोलनेटसारखं साधन त्या रेषा धरून चित्र भरतं. तरी मागच्या आकाशात बारावा येऊन बसतो कधी कधी. तो खोडायचा आणि तेवढीच जागा परत भरून घ्यायची.

चष्मा_कुठे_गेला

माझा प्रश्न उलटा आहे. मी घड्याळाचा फोटो दाखवून किती वाजले विचारलं, तेही चुकलं.

काटेकोर

तो वेगळा धागा काढा. तिथे मॉडेल चित्र वाचतं, इथे काढतं. वाचणं का चुकतं याची कारणं थोडी जुळतात, सगळी नाही.

खडूधूळ

बाह्यरेषा कागदावर हाताने काढून, फोटो काढून दिल्या तर चालतील का? बदकांचा कागद पुन्हा करायचाय. या वेळी गवत नको.

काटेकोर

चालतील. रेषा ठळक हव्यात, बदकं एकमेकांना चिकटू देऊ नका. आणि छापण्याआधी ठिपके देऊन मोजा.

दोघांची_आई

आणि मार्क?

मूळ पोस्टवाला

सगळं वाचलं. पैसे भरून वरची आवृत्ती घेऊ की नको, एवढं कोणी सांगेल का?

काटेकोर

अकरा पक्ष्यांसाठी कदाचित. नव्या काही आवृत्त्या आधी मांडणी ठरवतात आणि मग काढतात, त्यांची चूक कमी होते. चाळीस पक्षी हवे असतील तर पैसे वाचवा.