मदत हवी आहे : सदाशिव पेठेतील वसतिगृहाचा अर्धवट पत्ता

माझा धाकटा भाऊ स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी मंगळवेढ्याहून निघून आज रात्री उशिरा स्वारगेटला उतरला असून, वसतिगृहाचा पत्ता लिहिलेला फोन बंद पडल्याने तो सध्या पेरूगेट पोलीस चौकीजवळ थांबून दुसऱ्याच्या फोनवरून बोलतो आहे. त्याला एवढेच आठवते : सदाशिव पेठ, मारुतीच्या देवळाजवळचा बोळ, तळमजल्यावर झेरॉक्सचे दुकान आणि शेजारून वर जाणारा अरुंद लाकडी जिना. घर क्रमांक १४ ने सुरू होतो. परंतु पेठेतील जुने क्रमांक रस्त्याने ओळीने लागत नाहीत, त्यामुळे नुसत्या आकड्यावरून घर सापडणे कठीण आहे. हे देऊळ भिकारदास मारुतीचे असावे, की नारायण पेठेतील पत्र्या मारुतीचे? असा जिना कोणी पाहिला असल्यास कृपया त्वरित कळवावे.