मदत हवी आहे: पावसाळ्यात पियानोचा सूर चढतो, ट्यूनिंग नेमकं कधी करावं?

नमस्कार मंडळी. ठाण्यात आमच्याकडे अपराइट पियानो आहे. मे महिन्यात ट्यून केला तेव्हा मधल्या सप्तकातला ए ४४० हर्ट्झला होता. आता ऑगस्टमध्ये तो ४४३ च्या आसपास दाखवतोय. गंमत म्हणजे खर्जातल्या आणि अगदी वरच्या पट्ट्या फारशा हललेल्या नाहीत, मधलाच भाग चढलाय. त्यामुळे सप्तकं एकमेकांशी जुळत नाहीत आणि मुलीला सराव करताना ते खटकतं.

कारण माझ्या मते तारा नाहीत, साउंडबोर्ड आहे. हवेतला ओलावा शोषून लाकूड फुगतं, ब्रिज वर उचलला जातो आणि तारांवरचा ताण वाढतो. खोलीतला हायग्रोमीटर सध्या ८० टक्क्यांच्या वर आहे, हिवाळ्यात तो ५० पर्यंत उतरतो. म्हणजे आत्ता सूर खाली ओढून घेतला, तर जानेवारीत पियानो उतरलेला मिळणार.

म्हणून वर्षातून दोनदाच, ऑक्टोबरनंतर हवा स्थिरावल्यावर आणि मग जुलैत, ट्यून करावं असं वाटतंय. हे बरोबर आहे का?

दुसरं, एसी फक्त रात्री लावला तर ओलावा रोज खालीवर होतो, ते जास्त वाईट ना? डीह्युमिडिफायर दिवसरात्र चालवून ५५ टक्क्यांवर ठेवणं कुणाला जमलंय का? वीजबिल किती वाढलं? पियानोच्या आत बसवायची हीटर दांडी मुंबईच्या दमट हवेत पुरते का, तेही अनुभवी मंडळींनी कृपया सांगावं.