शब्दचर्चा: 'अविकसित' की 'खुंटवलेला'?

मृणाल
एका लेखसंग्रहाचा अनुवाद करते आहे. त्यातलं एक प्रकरण लेसोथोवर आहे. चहूबाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेला हा छोटा डोंगराळ देश. चार दिवस झाले, मी 'अंडरडेव्हलप्ड' या एका शब्दापाशी अडले आहे. कोशांत अविकसित, अल्पविकसित, न्यूनविकसित असे पर्याय आहेत, वर्तमानपत्रं सरळ 'मागास' लिहितात.

अडचण अशी की प्रकरणात हा शब्द दोन विरुद्ध अर्थांनी येतो. एकदा जागतिक बँकेच्या अहवालाच्या संदर्भात येतो, तिथे ती त्या देशाची अवस्था आहे. दुसऱ्यांदा गयानाचे इतिहासकार वॉल्टर रॉडनी यांच्या १९७२ च्या पुस्तकाच्या संदर्भात येतो, तिथे ते चक्क क्रियापद आहे: युरोप कर्ता, आफ्रिका कर्म. 'युरोपने आफ्रिकेला अविकसित केले' हे मला मराठी वाटत नाही. तुम्ही काय कराल?

दत्ताराम
एवढा विचार कशाला? 'मागास' लिहा, सगळ्यांना कळतं. 'अंडरडेव्हलप्ड' हा शब्द अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी २० जानेवारी १९४९ च्या भाषणात तयार केला. त्याआधी कोणी कोणाला अविकसित म्हणत नव्हतं. एका दिवसात निम्म्याहून जास्त जग अविकसित झालं, असं आम्हाला शिकवलं होतं.

वसुधाताई
मृणाल, तुझा कान बरोबर सांगतो आहे. 'विकस्' म्हणजे फुलणं, उमलणं. कळी विकसते, तिला कोणी विकसत नाही. मूळ धातू अकर्मक आहे, म्हणून 'विकसित' म्हणजे उमललेलं आणि 'अविकसित' म्हणजे अजून न उमललेलं. या शब्दात काळ दडलेला आहे. आज नाही, उद्या उमलेल, फक्त पाणी घाला. आणि कळी का उमलली नाही, हे विचारायला त्यात जागाच नाही.

'विकसनशील'चंही तसंच. 'शील' म्हणजे स्वभाव. उमलण्याचा स्वभाव असलेला देश! दिसायला शब्द सौम्य, पण प्रश्न तोच गिळून बसलेला.

रॉडनींच्या क्रियापदाला मराठीत 'खुंटवणे' आहे. खुंटणे अकर्मक, खुंटवणे सकर्मक. शेतकऱ्यालाही कळेल.

गिरगावकर
आमच्या चाळीच्या करारात 'विकसक' आणि 'विकसनासाठी दिलेली मालमत्ता' असे शब्द आहेत. वकील म्हणतात, रहिवाशांचा उल्लेख 'भाडेकरू/लाभार्थी' असा राहू द्या. यावर हरकत घ्यावी का? धागा वाचून वाटलं, विचारावं.

मृणाल
गिरगावकर, कराराबद्दल वकिलांनाच विचारा, माझा प्रश्न वेगळा आहे. पण तुमच्या करारात विकास जमिनीचा होतो आणि माणसं 'लाभार्थी' होतात, हे मी वहीत लिहून घेतलं.

नीलेश
गिरगावकरांचा प्रश्न वाटतो तितका बाजूचा नाही. वसाहतींच्या कारभारात 'डेव्हलप' हे क्रियापद बराच काळ याच अर्थाने वापरलं गेलं: जमीन, खाणी, रेल्वे यांच्यासाठी. ब्रिटनच्या १९२९ च्या वसाहत विकास कायद्याचा हेतू कायद्यातच लिहिला आहे. वसाहतींतली शेती आणि उद्योग विकसित करायचे आणि त्यातून खुद्द ब्रिटनच्या व्यापार-उद्योगाला चालना द्यायची. १९४० च्या कायद्यात 'विकासा'च्या शेजारी 'कल्याण' आलं आणि माणसं कर्माच्या जागी बसू लागली.

दत्ताराम, शब्द ट्रुमन यांचा नव्हे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेत काम केलेल्या विल्फ्रेड बेन्सन यांनी तो १९४२ मध्येच वापरला होता. पण ट्रुमन यांच्या भाषणाने तो जगभर गेला, एवढं तुमचं खरं. त्या भाषणात गरीब देशांचं आर्थिक जीवन आदिम आणि साचलेलं म्हटलं आहे, आणि त्यांचं दारिद्र्य त्यांना स्वतःला आणि सुखवस्तू प्रदेशांनाही धोका असल्याचं म्हटलं आहे. साचलेलं कशामुळे, यावर एक शब्द नाही. वसाहतींचा काळ अजून पुरता संपलाही नव्हता.

मृणाल, तुमचं लेसोथोचं प्रकरण बहुधा मानववंशशास्त्रज्ञ जेम्स फर्ग्युसन यांच्या अभ्यासावर बेतलेलं असणार.

मृणाल
हो, त्यांचाच संदर्भ सतत येतो. मला त्यातला इतिहास नीट कळलेला नाही. मूळ लेखक तो गृहीत धरतात.

नीलेश
मग जरा सविस्तर लिहितो, कारण शब्दाची निवड त्यावरच ठरेल.

जागतिक बँकेच्या १९७५ च्या अहवालात लेसोथोचं चित्र असं आहे: १९६६ मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा या देशाला आधुनिक अर्थव्यवस्थेचा जवळजवळ स्पर्शच झाला नव्हता, हा मुळात पोटापुरतं पिकवणाऱ्या शेतकऱ्यांचा पारंपरिक समाज, लोकसंख्या वाढली, माती झिजली, म्हणून पुरुष कामासाठी बाहेर पडले.

आता इतिहास बघा. एकोणिसाव्या शतकात बसोथो, म्हणजे लेसोथोचे लोक, गहू, मका, ज्वारी पिकवून शेजारच्या बोअर, म्हणजे डच वंशाच्या लोकांच्या, वसाहतींना विकत होते. दक्षिण आफ्रिकेत किंबर्लीला हिऱ्यांच्या खाणी सुरू झाल्यावर तिथल्या कामगारांच्या पोटात यांचंच धान्य जात होतं. म्हणजे बाजार यांच्या दारात शंभर वर्षं आधीच आलेला होता. कॅलेडन नदीपलीकडची उत्तम जमीन मात्र खाणींच्या आधीच युद्धांत ऑरेंज फ्री स्टेट या बोअर राज्याने घेतली होती. मग रेल्वेने परदेशी स्वस्त गहू खाणींपर्यंत आला. ब्रिटिशांनी झोपडीपट्टी लावली, आणि ती रोख भरायची होती. रोकड मिळण्याची जागा एकच उरली: खाण. १९७० च्या दशकात निम्म्याहून जास्त कर्ते पुरुष दक्षिण आफ्रिकेत मजुरी करत होते. ग्रामीण घराच्या सरासरी उत्पन्नाचा सुमारे ७० टक्के भाग त्या मजुरीतून येई, स्वतःच्या पिकातून सुमारे ६ टक्के. अशा घराला 'पोटापुरतं पिकवणारं शेतकरी कुटुंब' म्हणायचं?

फर्ग्युसन यांचं म्हणणं असं की ही अहवाल लिहिणाऱ्यांच्या अज्ञानातून झालेली चूक नव्हे. जोहान्सबर्गच्या खाणीतली मजुरी किंवा वर्णभेदाची राजवट बदलणं विकास संस्थेच्या हातात नसतं. बियाणं, रस्ता, सुधारित जनावरं तिच्या हातात असतात. मग देशाचं वर्णन असं होतं की त्यावर उपाय बियाणं, रस्ता आणि जनावरं हाच निघावा.

वसुधाताई
नीलेश, 'झोपडीपट्टी लावली' वाचून मी क्षणभर चक्रावले. घरपट्टीसारखी 'पट्टी' म्हणायचं आहे ना? मृणाल, तू मात्र 'झोपडीकर' लिही, नाहीतर वाचक धारावीत पोचेल.

नीलेश
बरोबर, झोपडीकर.

शैलेश (राजापूर)
हे वाचताना आमचंच घर डोळ्यांपुढे आलं. आजोबा लालबागच्या गिरणीत, गावी आजी आणि चार गुंठे भात. भात तीन महिने पुरायचा, बाकी वर्ष मनीऑर्डरवर. पोस्टमन उशिरा आला तर दुकानदार उधारी थांबवायचा. पण सरकारी कागदात आजीचा धंदा 'शेती' आणि आमचा तालुका 'मागास'. उपाय कायम भाताच्या नव्या वाणाचे. १९८२ चा संप झाला तेव्हा आमच्याकडे पीक बुडालं नव्हतं, मनीऑर्डर बंद झाली होती. तरी घरात चूल पेटायची पंचाईत. म्हणून 'मागास' नको. तो शब्द आम्ही अंगावर वागवला आहे.

दत्ताराम
शैलेशदादा, मागे घेतो. पण एक विचारतो. कोकणात काय किंवा लेसोथोत काय, लोकांना रस्ता, दवाखाना हवाच होता ना? सगळा दोष शब्दाला दिला की गरिबी कल्पित वाटू लागते.

नीलेश
गरिबी खरी आहे, रॉडनीही तेच म्हणतात. प्रश्न तिचं कारण कुठे ठेवायचं, हा आहे. लेसोथोतल्या थाबा-त्सेका या डोंगरी भागात १९७५ पासून मोठा प्रकल्प चालला, पैसा मुख्यतः जागतिक बँक आणि कॅनडाचा. त्यातला गुरांचा भाग सांगतो. प्रकल्पाला वाटलं, लोक गुरं पाळतात पण विकत नाहीत, म्हणजे त्यांना बाजार कळत नाही. जात सुधारली, चराई आखून दिली की विकतील.

प्रत्यक्षात गुरं खाणकामगाराची म्हातारपणाची पुंजी होती. मजुरीच्या रोख पैशावर घरात सगळ्यांचा हक्क, तो मागितला की द्यावा लागे. त्याची गुरं केली की ती सहज मोडता येत नसत. मोठी नड असल्याशिवाय विकायची नाहीत, असा संकेत होता. खाणीतला माणूस घरी नसतानाही ती गोठ्यात त्याची जागा राखत. शिवाय गुरं उसनी देऊन गावात नाती टिकत. म्हणजे पैशाची गुरं व्हायची, गुरांचा पैसा व्हायचा नाही, आणि हे बाजार नीट कळलेल्या माणसांनी ठरवलेलं होतं.

प्रकल्पाने चराईचा एक मोठा पट्टा सुधारित जनावरं असलेल्या थोड्या सभासदांसाठी कुंपण घालून राखला. लोकांनी कुंपण कापलं, फाटकं पाडली, गुरं आत सोडली. सभासद मंडळाच्या व्यवस्थापकाचं कार्यालय जाळलं गेलं. रस्ता मात्र झाला, आणि त्या रस्त्याने बाहेरचं धान्य आलं, सरकारी कचेऱ्या आल्या, पोलीस आले.

मृणाल
आता कळलं. अहवालाच्या जागी मी 'अविकसित' ठेवते, अवतरणचिन्हांत, कारण न उमललेली कळी हेच त्यांचं चित्र आहे. रॉडनींच्या जागी 'युरोपने आफ्रिकेची वाढ खुंटवली'. आणि पुढे लेखकाच्या स्वतःच्या वाक्यांत 'खुंटवलेले देश'.

वसुधाताई
पहिले दोन उत्तम. तिसऱ्यापाशी थांब. 'खुंटवलेला देश' म्हणजे कर्मणी रूप. पूर्वी कोणीतरी उद्धार करणार होतं, आता कोणीतरी खुंटवून गेलं. दोन्हीकडे बसोथो माणूस कर्मच राहिला. आणि नीलेशने सांगितलेल्या गोष्टीत तर कुंपण त्यांनीच कापलं.

नीलेश
ताई, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. बसोथोंचा राजा मोशोएशो पहिला याने बोअरांपासून उरलेली जमीन राखण्यासाठी ब्रिटिशांचं संरक्षण मागितलं, ते १८६८ मध्ये मिळालं. पुढे ब्रिटिशांच्या केप वसाहतीने बंदुका जमा करायला सांगितल्या, तेव्हा १८८०-८१ मध्ये लोक लढले आणि बंदुका त्यांच्याकडेच राहिल्या. 'खुंटवलेला' या विशेषणात हे काहीच मावत नाही.

तरी मला तो शब्द पूर्ण सोडवत नाही. कर्तरी वाक्यात बसोथोंना कर्ता केलं की वाचक म्हणेल, त्यांचं त्यांनी बघून घेतलं असतं. जमीन कोणी घेतली, हे मग झाकलं जातं.

मृणाल
मग विशेषणच नको. हे कसं वाटतं: "ऑरेंज फ्री स्टेटने जमीन घेतली, ब्रिटिशांनी झोपडीकर लावला, बसोथोंनी मजुरीची गुरं केली आणि ती विकायची नाहीत असं ठरवलं." एका शब्दाच्या जागी चार क्रियापदं, प्रत्येकाचा कर्ता उघड.

दत्ताराम
वाक्य छान आहे. पण प्रकरणात शेवटी तक्ता असेल तर? संयुक्त राष्ट्रांच्या १९७१ पासूनच्या यादीत लेसोथो 'अत्यल्पविकसित देश' आहे. तक्त्याच्या रकान्यात चार क्रियापदं कुठे बसवाल?

मृणाल
तक्ता आहे, पान १७ वर. तिथे काय करायचं, मला अजून सुचलेलं नाही. शैलेश, तुमच्या आजीच्या कागदावर 'शेती'ऐवजी काय लिहिलेलं तुम्हाला चाललं असतं?

शैलेश (राजापूर)
आईला विचारून उद्या सांगतो.