मदत हवी आहे: सिंक बंद केलं तरी नंबरावरून लोकांना माझं खातं सापडतंय, कसं काय?

आबोली:
नमस्कार मंडळी, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मोरजीला आमच्या घरामागे दोन खोल्या आहेत, त्या आम्ही पर्यटकांना भाड्याने देतो. रस्त्यावरच्या बोर्डावर माझाच नंबर आहे, आणि तोच नंबर बँकेत, शाळेच्या ग्रुपवर, गॅसवाल्याकडे, सगळीकडे, कारण दुसरा कधी घेतलाच नाही. फोटो टाकायच्या एका ॲपवर माझं खातं आहे, नाव वेगळं घेतलंय, प्रायव्हेट ठेवलंय, गावच्या जत्रेच्या नाटकात मी काम करते त्याचे फोटो असतात, जेमतेम चाळीस माणसं, सगळी ओळखीची. तर गेल्या आठवड्यात डिसेंबरात राहून गेलेल्या एका पाहुण्याची रिक्वेस्ट आली, वर मेसेज, "मॅडम, आप नाटक भी करती हो?" प्रोफाइलला मेकअपमधला फोटो आहे, त्यावरून ओळखलं म्हणे. त्याला खातं सापडलं कसं विचारलं तर म्हणाला ॲपनेच दाखवलं, "लोक जे तुम्ही ओळखत असाल" त्यात.

मी त्याच दिवशी ॲपमधलं कॉन्टॅक्ट सिंक बंद केलं, फोनच्या सेटिंगमधून कॉन्टॅक्टची परवानगीपण काढली. दोन दिवसांनी आमची स्कूटर दुरुस्त करणाऱ्याची रिक्वेस्ट! आता सगळं बंद आहे तरी हे कसं? आणि पूर्ण लपायचंही नाहीये मला, शाळेतल्या दोन मैत्रिणी इतक्या वर्षांनी मला नंबरावरूनच सापडल्या होत्या.

काजूबोंडू:
सिंक बंद केलंस ना, मग झालं. आधी गेलेला डेटा सर्व्हरवर असेल त्यामुळे थोडे दिवस दिसेल, आपोआप जाईल. आणि घाबरायचं काही नाही गो, ही ॲपं नंबर जसाच्या तसा पाठवत नाहीत, हॅश करून पाठवतात, म्हणजे गणिताने त्याचा वेगळाच सांकेतिक आकडा बनवून, उलटा काढता येत नाही तो.

मावशी साखळी:
माझेपण सगळे नंबर गेले होते नवीन फोन घेतला तेव्हा!! मुलाने गूगलमध्ये जाऊन सिंक चालू केलं तेव्हा परत आले. तू बंद करू नको, उद्या फोन पाण्यात पडला तर रडशील.

आबोली:
मावशी तो बॅकअप वेगळा, तो चालूच आहे माझा. मी ॲपमधल्या सिंकबद्दल विचारतेय. पण तुमचं वाचून फोनच्या बॅकअपचं बटण बंद केलं नाही ना ते आधी बघून आले 😄

फेरीबोट:
आबोली, तू तुझ्या बाजूचा दरवाजा लावलास, लोक येतायत ते त्यांच्या दरवाजाने. सिंक म्हणजे तुझ्या फोनमधली यादी ॲपच्या सर्व्हरला जाते, ते तू बंद केलंस. पण त्या पाहुण्याच्या फोनमध्ये तुझा नंबर "मोरजी रूम" म्हणून सेव्ह आहे आणि त्याचं सिंक चालू आहे. त्याची यादी वर गेली, सर्व्हरने बघितलं की हाच नंबर एका खात्याला जोडलेला आहे, आणि खातं त्याच्यासमोर ठेवलं. यात तुझा फोन कुठे आलाच नाही. खात्याचं नाव बदललंस, प्रायव्हेट केलंस, त्याने फक्त फोटो झाकले जातात, जुळणी नंबरावर होते.

त्यामुळे दोन वेगळी सेटिंगं शोध. एक, तू पाठवलेली जुनी यादी सर्व्हरवरून पुसायचं. परवानगी काढली म्हणजे पुढे जाणं थांबलं, गेलेलं परत आलं असं नाही, ते बटण वेगळं असतं, बहुतेक ॲपांत "अपलोड केलेले कॉन्टॅक्ट" असल्या नावाच्या जागी. दुसरं, नंबरावरून मला कोण शोधू शकतं, हे. तुझा प्रश्न या दुसऱ्याचा आहे. तुझ्या ॲपात ते नसेल तर खात्यावरचा नंबरच काढून ईमेल ठेवावा लागेल. मात्र नंबर काढण्याआधी ओटीपीची सोय बघ! एसएमएसवर ओटीपी येत असेल तर आधी फोनमध्येच कोड तयार करणारं ऑथेंटिकेटर ॲप लाव, बॅकअप कोड वहीत लिहून ठेव, मगच नंबर काढ, नाहीतर खात्याच्या बाहेर तूच बसशील.

काजूबोंडू, हॅशचं मात्र तसं नाही रे. पासवर्ड हॅश केला तर अंदाज करणं कठीण, कारण पासवर्ड काहीही असू शकतो. आपला मोबाइल नंबर म्हणजे दहा आकडे, पहिला 6, 7, 8 किंवा 9, म्हणजे जास्तीत जास्त 400 कोटी शक्यता. गेम खेळायच्या चांगल्या ग्राफिक्स कार्डाने हे सगळे नंबर क्रमाने हॅश करून टाकायला काही सेकंद पुरतात, मग कुठला हॅश कुठल्या नंबराचा हे नुसतं यादीत बघायचं. हॅश उलटा फिरवायची गरजच पडत नाही.

काजूबोंडू:
बरं, ते मान्य. पण सगळे नंबर कोण कशाला तपासत बसेल, कंपनी अडवणार नाही का?

फेरीबोट:
तपासले आहेत ना. फेसबुकमध्ये कॉन्टॅक्ट टाकून मित्र शोधायची सोय होती, तीच वापरून लोकांनी नंबरांच्या याद्याच्या याद्या टाकल्या आणि कुठला नंबर कोणाचा ते काढलं, 53 कोटींहून जास्त खात्यांची माहिती 2021 मध्ये उघड्यावर आली. आयर्लंडच्या डेटा संरक्षण आयोगाने 2022 मध्ये 26.5 कोटी युरोचा दंड केला त्यावर. आणि 2025 मध्ये व्हिएन्नाच्या संशोधकांनी व्हॉट्सॲपवर हेच करून दाखवलं, ताशी 10 कोटींवर नंबर विचारत गेले आणि एकूण 350 कोटी खाती सापडली. ते अभ्यासासाठी होतं, कंपनीने नंतर वेग अडवला. पण बघ, कोणी कुलूप फोडलं नाही. मैत्रिणीला तू सापडावीस म्हणून जे दार ठेवलंय त्यातूनच सगळे आत गेले.

पायलट 0832:
मी म्हापशाला बसस्टँडवर मोटारसायकल पायलट आहे. मला तर सापडायलाच पाहिजे! नंबर सेव्ह केला की गिऱ्हाइकाला माझा फोटो दिसतो, पिवळ्या गाडीसकट, त्यामुळे उतरल्यावर लोक मला गर्दीत ओळखतात. तुम्ही बंद करा, मी चालू ठेवतो. एकच त्रास, हे सिम घेतलं तेव्हा आधीच्या मालकाची मंडळी मला "काकी" म्हणून चवथीच्या शुभेच्छा पाठवायची, अजून दोघंजण पाठवतात.

फेरीबोट:
काकी 😂 बंद पडलेला नंबर किमान 90 दिवस थांबवून मग दुसऱ्याला देतात, पण लोकांच्या फोनमध्ये तो वर्षानुवर्षं जुन्याच नावाने राहतो. आबोली, तुझ्या कामाची गोष्ट यातच आहे, तू नंबर बदललास आणि जुना खात्यावर तसाच ठेवलास तर उद्याच्या नव्या मालकाच्या ओळखीच्यांना तुझं खातं दिसायला लागेल.

आबोली:
शनिवारी बसून सगळं केलं, सांगते काय झालं ते.

आधी भावाचा जुना फोन रिकामा केला, त्यात एकच कॉन्टॅक्ट, माझा नंबर, दुसरं कोणी नाही. त्यावर ईमेलने नवीन खातं उघडलं आणि सिंक चालू केलं. पहिलंच सुचवलेलं खातं माझं!! म्हणजे नंबरच होता. (भावाच्या नेहमीच्या खात्याने आधी बघितलं होतं पण त्याचे नि माझे दहा मित्र सामाईक, त्यामुळे कशामुळे दिसलं ते कळलंच नसतं.)

मग ऑथेंटिकेटर लावला, कोड लिहिले, नंबर काढून ईमेल ठेवला, आणि अपलोड केलेली यादी पुसली. त्यात काय काय होतं माहितीय? दोनशेच्या वर नावं, रशियन पाहुण्यांचे +7 वाले नंबर, सुईण, बँक मॅनेजर, भटजी. त्यातल्या कोणाला मी विचारलं होतं? ते बघून जरा लाज वाटली खरं.

तीन दिवसांनी दुसरं नवीन खातं उघडून परत तपासलं, आता दिसले नाही. पण ज्या पाहुण्याने आधी पाहिलं त्याला अजूनही मी दिसत असेन का?

फेरीबोट:
एकच कॉन्टॅक्ट ठेवून केलंस ते उत्तम केलंस. आधी झालेली जुळणी सर्व्हर किती दिवस धरून ठेवतो ते बाहेरून कळत नाही, ब्लॉक कर त्याला, तेवढं हातात आहे. आणि त्याच्या फोनमधून वर गेलेला तुझा नंबर तुला पुसता येत नाही, तो त्याच्या यादीचा भाग. फेसबुक-इन्स्टाने मात्र लोकांनी अपलोड केलेला आपला नंबर काढायला एक पान ठेवलंय, खातं नसलं तरी चालतं.

शाळेच्या मैत्रिणींसाठी सिग्नल बघ, त्यात युजरनेम देता येतं, आणि `Settings → Privacy → Phone Number` मध्ये नंबरावरून कोण शोधू शकतं याला `Nobody` करता येतं. टेलिग्रामवर `Settings → Privacy and Security → Phone Number` मध्ये आधी नंबर कोणाला दिसतो ते `Nobody` कर, तेव्हाच खाली `Who can find me by my number` येतं, ते `My Contacts` ठेव. म्हणजे ज्यांचा नंबर तू स्वतः सेव्ह केलायस त्यांनाच सापडशील.

काजूबोंडू:
मग माझ्यासारख्याने काय, पाहुण्यांचे नंबर सेव्हच करायचे नाहीत?

फेरीबोट:
एक दिवसाच्या गिऱ्हाइकाला सेव्ह कशाला करायचं, ब्राउझरमध्ये `wa.me/91` आणि पुढे लगेच दहा आकडे टाइप केले की थेट व्हॉट्सॲपचं चॅट उघडतं. परदेशी असेल तर 91 ऐवजी त्यांचा कोड. आयफोनवर आयओएस 18 पासून ॲपला सगळे न देता निवडक कॉन्टॅक्टच देता येतात, तेही बघ.

मावशी साखळी:
दुसरं सिम घे बाय. खोल्यांचा नंबर वेगळा, घरचा वेगळा. आमच्या जावयाने खानावळीला तसंच केलंय.

आबोली:
मावशी, यावेळी तुमचं बरोबर 🙏 दुसरं सिम घेतलं, व्हॉट्सॲप बिझनेस त्या नंबरावर टाकलं, आता बोर्ड रंगवायला पेंटर बघतेय. जुना नंबर मात्र त्या सगळ्या पाहुण्यांच्या फोनमध्ये "मोरजी रूम" म्हणूनच राहणार, आणि तोच माझा बँकेचा. तो बदलायचा का नाही यावर घरात अजून एकमत नाही. आई म्हणते बेळगावच्या मामीला नवा नंबर पाठ व्हायला दोन वर्षं लागतील.