माकडतापाच्या सूचनेत वाडीचं नाव द्यावं का?

धागाकर्ता: दोडामार्गकडच्या एका वाडीत मेलेलं माकड सापडलंय. ग्रामपंचायतीने आजच सूचना द्यावी की अहवाल येईपर्यंत थांबावं? वाडीचं नाव घ्यावं का?

काजूवाला: थांबावं. काजू बी वेचायचे दिवस आहेत. नाव फुटलं की मजूर येत नाहीत, व्यापारी भाव पाडतो. माकडं दुसऱ्या कारणानेही मरतात. 'परिस्थिती नियंत्रणात आहे, घाबरू नका' एवढं पुरे.

उपकेंद्र: माकडं इतर कारणांनी मरतात हे खरंच, पण हा ताप पसरवते ती गोचीड. माकड मेलं की ती अंगावरून उतरून खालच्या पातेऱ्यात जाते, आणि बी वेचणाऱ्या बायका त्याच पातेऱ्यात बसतात. चावल्यावर साधारण 3 ते 8 दिवसांत ताप येतो, तो अहवालासाठी थांबत नाही. 'नियंत्रणात' म्हटलं आणि आठवड्यात रुग्ण निघाला, तर पुढची सूचना कोण ऐकेल? मी असं लिहीन:

'अमुक वाडीत आज मेलेलं माकड सापडलं. कारण अजून कळलेलं नाही, नमुना तपासणीला गेला आहे. तोवर त्या बागेत जाऊ नका, तिथला पातेरा आणू नका. माकडाला हात लावू नका. इतर बागांत अंगभर कपडे घालून, उघड्या अंगाला गोचीड न चावण्याचं तेल लावून जा. रानात गेल्यावर दोन आठवड्यांत ताप आला तर आरोग्य केंद्रात या आणि रानात गेलो होतो हे सांगा. हा ताप माणसापासून माणसाला लागत नाही. अहवाल आला नाही तरी परवा संध्याकाळी पुन्हा सांगू.'

शेवटचं वाक्य गाळू नका. पुढची खबर कधी मिळणार हे ठाऊक असलं की लोक अफवेच्या मागे कमी लागतात.

कुडाळकर: आमच्याकडे लावणीच्या वेळी लेप्टोच्या गोळ्या वाटतात. त्याच इथे वाटा, लोकांना धीर येईल.

उपकेंद्र: नको हो. ती डॉक्सीसायक्लिन लेप्टोच्या जिवाणूवर चालते, माकडताप विषाणूचा आहे. गोळी घेतलेला माणूस तेल न लावताच रानात जाईल. खोटा धीर असा अंगाशी येतो.

दोडामार्गची: मृत्यूचा आकडा सांगायचा का? शंभरात 3 ते 5 दगावतात म्हटलं तर घाबरगुंडी उडेल.

उपकेंद्र: विचारलं तर सांगायचाच, पण एकटा नाही. यावर खास औषध नसलं तरी लवकर दाखल झालेल्याचा रक्तस्राव आणि पाणी कमी होणं सांभाळता येतं, हे त्याच वाक्यात हवं. ताप उतरल्यावर काहींना आठवड्याभराने पुन्हा येतो, हेही आधीच सांगा. नाहीतर 'बरा झालेला परत पडला' म्हणून गाव हादरतं.

काजूवाला: हे पटतंय. पण आमच्याकडे बागा मालकाच्या नावानेच ओळखतात. जागा कशी सांगणार?

उपकेंद्र: मालकाचं नाव अजिबात नको. 'वहाळाच्या वरची बाजू' अशी खूण द्या आणि पायवाटेवर फलक लावा.

दोडामार्गची: वहाळ दोन वाड्यांना लागून आहे. मग खालच्या वाडीच्या बीचाही भाव पडणार, त्याचं काय?